न्यूटनवर प्रश्न काढताना

शाळांच्या आंतरशालेय क्विझसाठी पहिल्यांदा प्रश्न काढतोयस, तर न्यूटनची जन्मतारीख विचारू नकोस. एका पुस्तकात 25 डिसेंबर 1642 सापडेल, दुसऱ्यात 4 जानेवारी 1643, आणि दोन्ही बरोबर आहेत. इंग्लंडने नवी दिनदर्शिका 1752 मध्ये स्वीकारली. न्यूटन जन्मला तेव्हा तिथली जुनी दिनदर्शिका 10 दिवस मागे होती. मृत्यूचं तर आणखी अवघड: जुन्या हिशेबाने 20 मार्च, नव्याने 31 मार्च 1727. त्यात तिथलं वर्ष तेव्हा 25 मार्चला बदलायचं, त्यामुळे काही ठिकाणी 1726 छापलेलं असतं. दोन स्रोतांत 10-11 दिवसांचा फरक दिसला, की दिनदर्शिका तपासायची.

'गॅलिलिओ गेला त्याच वर्षी कोण जन्मला?' हा आपल्या नागपुरातल्या मुलांच्याही तोंडपाठ असलेला प्रश्न. गॅलिलिओच्या मृत्यूची 8 जानेवारी 1642 ही तारीख नव्या दिनदर्शिकेतली आहे. दोघांना एकाच दिनदर्शिकेत मोजलं तर वर्ष जुळत नाही. एखाद्या मुलीने हरकत घेतली तर तिचंच बरोबर ठरेल, आणि गुण कापले गेले तर तिच्यावर अन्याय होईल.

मग विचारायचं काय? वूल्सथॉर्प हे जन्मगाव, केंब्रिजचं ट्रिनिटी कॉलेज, 'प्रिन्सिपिया'चं 1687 हे वर्ष, 1703 मध्ये रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद, वेस्टमिन्स्टर ॲबेतलं दफन. यांवर सगळे एकमत आहेत. मात्र एकमेकांवरून उतरवलेली दोन गाइडं म्हणजे एकच स्रोत धर.