विचार झटकला की परत येतो, मग करायचं काय?

"मॅडम, बाळाला घेऊन गॅलरीत गेले की मनात येतं, खाली टाकलं तर? मी लगेच विचार झटकते तरी दिवसभर तेच येतं. मी खरंच तसं करून बसेन का?"

सिडकोतल्या एका नवीन आईने हे विचारलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). नाही, असा विचार येणं म्हणजे तसं करायची इच्छा असणं नाही. असे भलतेसलते विचार बऱ्याच आईवडिलांना येऊन जातात, ते विसरून जातात एवढंच. हिला मात्र त्याची भयंकर भीती वाटली, म्हणून तो अडकला.

मी विचारलं, झटकता म्हणजे नक्की काय करता? तर विचार आला की मनात रामरक्षा सुरू, गॅलरीचं दार बंद, बाळ सासूबाईंकडे आणि रात्री नवऱ्याला परत परत, "मी असं काही करणार नाही ना हो?" याने तेवढ्यापुरतं बरं वाटायचं पण मनाला मेसेज जायचा की धोका खरा होता, थोडक्यात टळला.

दुसरी गोष्ट म्हणजे विचार गेलाय की नाही हे बघायला मनाला तोच विचार शोधत बसावं लागतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये प्रयोग केला होता, लोकांना सांगितलं ५ मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या, आणि नंतर विचार करायची मोकळीक दिली तेव्हा त्यांना अस्वल आधी न दाबलेल्या लोकांपेक्षा जास्त आठवलं. त्यात झोप नसेल तर दाबायची ताकद कमी पडते पण शोधणं चालूच राहतं, आणि तान्ह्या बाळाच्या आईला झोप कुठली हो!

मग आम्ही उलटं केलं. विचार आला की मनात म्हणायचं, "हा तोच विचार आला," आणि हातातलं काम चालू ठेवायचं. आधी एकटीने गॅलरीत, मग बाळाला घेऊन दारात, मग बाहेर, भीती वाटली तरी थांबायचं, रामरक्षा नाही, नवऱ्याला विचारणं नाही. रामरक्षा संध्याकाळी दिवा लावताना खुशाल म्हणा, विचार पळवायला नको. पहिले काही दिवस भीती वाढली, हे होतंच, आणि बरेच जण इथेच सोडून देतात. तिने सोडलं नाही. विचार अजूनही कधीतरी येतो, पण ती बाळाला घेऊन गॅलरीत कपडे वाळत घालते.

अशा विचारांत दिवसाचा तासभर किंवा जास्त जात असेल तर तो ओसीडी, म्हणजे नको ते विचार आणि ते घालवायला परत परत काहीतरी करत राहण्याचा आजार, असू शकतो, तिथे हीच थेरपी नीट शिकलेल्या माणसाकडून घ्यावी, कधी गोळ्याही लागतात. पण बाळंतपणानंतर आवाज ऐकू येतायत, झोपेची गरजच वाटत नाहीये किंवा "असं केलेलंच बरं" असं वाटायला लागलंय तर ही वेगळी गोष्ट आहे. तेव्हा आईला आणि बाळाला एकटं ठेवू नका, त्याच दिवशी सायकियाट्रिस्टकडे न्या.