क्षारयुक्त पाण्यासाठी टॉप लोड की फ्रंट लोड?

प्रश्न: आम्ही लातूरला राहतो, घरात पाच माणसे आहेत आणि बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त आहे की नळांवर पांढरे थर बसतात. वॉशिंग मशीन टॉप लोड घ्यावे की फ्रंट लोड?

उत्तर: मी फ्रंट लोड सुचवेन, मात्र कपडे 40 अंशांवर धुण्याची आणि मशीनमधला क्षार वेळोवेळी काढण्याची तयारी हवी.

पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पावडरीचा काही भाग आधीच खर्च करून टाकतात, आणि उरलेला भागच मळ काढण्याच्या कामी येतो. समजा, तुमच्या पाण्याची कठीणता लिटरमागे 500 मिलिग्रॅम आहे. टॉप लोड मुख्य धुलाईला साधारण 50 लिटर पाणी घेत असेल, तर पावडरीची गाठ 25 ग्रॅम क्षारांशी पडते. फ्रंट लोड त्याच कपड्यांसाठी सुमारे 15 लिटर घेते, म्हणजे साडेसात ग्रॅमच. म्हणूनच टॉप लोडमध्ये पावडर वाढवूनही कपडे कडक आणि करडे होत जातात.

फ्रंट लोडचे दुखणे हीटर आहे. पाणी तापले की त्यातील बायकार्बोनेटचा चुना होऊन तो हीटरवर बसतो, आणि 60 अंशांच्या पुढे हा वेग बराच वाढतो. नेहमीचाच प्रोग्रॅम पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेऊ लागला, तर थर जमला असे समजावे. दोन-तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या ड्रममध्ये सुमारे 100 ग्रॅम सायट्रिक अॅसिड टाकून 60 अंशांचा प्रोग्रॅम चालवावा. त्या वेळी ब्लीच मुळीच वापरू नये, कारण दोन्ही मिसळल्यास विषारी क्लोरिन वायू तयार होतो. पाण्याच्या नळीच्या तोंडाशी असलेली जाळीही तेव्हाच धुऊन घ्यावी.

तुम्ही कायम थंड पाण्यानेच धुणार असाल, किंवा गच्चीवरची टाकी मशीनपेक्षा फार उंच नसल्याने पाण्याला दाब नसेल, तर बिनहीटरचे टॉप लोड योग्य ठरेल. तेही क्षारापासून सुटत नाही: आतल्या-बाहेरच्या टबांमध्ये साबणाचा चिकट थर साचतो आणि त्याचे करडे कण कपड्यांवर येतात. हीटर असलेल्या टॉप लोडमध्ये मात्र पाणीही जास्त लागते आणि हीटरचा प्रश्नही उरतो, म्हणून ते मी घेणार नाही.

खरेदीपूर्वी पाणी तपासा, पण टीडीएस मीटरवर विसंबू नका. तो विरघळलेले सगळे पदार्थ एकत्र दाखवतो. थेंब मोजून कठीणता सांगणारे किट घ्या. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात 200 ही स्वीकार्य आणि पर्यायी स्रोत नसल्यास 600 ही मर्यादा आहे. तुमचा आकडा 600 च्या वर असेल, तर मशीन कोणतेही घ्या, आधी मिठाने पुन्हा ताजा होणारा रेझिनचा सॉफ्टनर बसवावा. नळाला लावायच्या फॉस्फेट गोळ्यांच्या छोट्या फिल्टरने क्षार चिकटणे कमी होते, पण ते पाण्यातून निघत नाहीत, त्यामुळे पावडर तेवढीच लागते.