फुटतं ते दर महिन्यालाच

प्रिय पोरी,

तू पाठवलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट दोनदा वाचला. ‘उजव्या अंडाशयात १८ मिलिमीटरचं सिस्ट, ओटीपोटात किंचित पाणी’ ही एक ओळ वाचून तू रात्रभर जागी राहिलीस, असं तुझी आई म्हणाली. म्हणून फोनवर घाईत न बोलता सविस्तर लिहिते आहे.

आधी तुझ्या दुखण्याबद्दल. पाळीच्या चौदाव्या दिवशी उजवीकडे, कमरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखलं. संध्याकाळी सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विरलं. त्या दिवसांत अंगावरून अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, तार सुटणारा स्राव जात होता. दोन महिन्यांपूर्वी असंच डावीकडे दुखलं होतं. हे सगळं बीज सुटतानाचं दुखणं आहे. दर महिन्याला अंडाशयात पाण्याची एक बारीक पिशवी वाढते, तिला आम्ही फॉलिकल म्हणतो. ती साधारण दोन सेंटिमीटरची झाली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. फुटण्याआधी अंडाशयाचं आवरण ताणलं जातं, आणि फुटल्यावर आतलं थोडं पाणी आणि रक्ताचे काही थेंब पोटाच्या आतल्या अस्तराला लागतात. ते अस्तर फार नाजूक असतं, थोडं रक्तसुद्धा त्याला झोंबतं. दुखतं ते त्यामुळे.

म्हणजे पिशवी फुटणं हा आजार नाही, पाळी येणाऱ्या बाईच्या पोटात ती दर महिन्याला फुटतेच. तुझी सोनोग्राफी दुखायला लागल्याच्या दुसऱ्या दिवशीची आहे. त्या दिवशी तिथे थोडं पाणी दिसणारच, आणि ते १८ मिलिमीटरचं ‘सिस्ट’ म्हणजे फुटून गेलेल्या पिशवीच्या जागी उरलेलं घर. तीन सेंटिमीटरच्या आतल्या अशा गोष्टीला सिस्ट हा शब्द वापरला की मुली घाबरतात. मी स्वतः रिपोर्टमध्ये तो टाळते.

आता घाबरायचं कशाला, ते सांगते. बीज निघून गेल्यावर त्या रिकाम्या घरात बारीक रक्तवाहिन्या भराभर वाढतात, कारण त्याला पुढचे दोन आठवडे हार्मोन तयार करायचं असतं. कधीकधी त्यात रक्त साठून चार-पाच सेंटिमीटरची गाठ होते. ही गाठ फुटली तर थेंबभर नाही, वाटीभर किंवा त्याहून जास्त रक्त पोटात उतरू शकतं. तिची वेळही वेगळी असते. बीज सुटतानाचं दुखणं पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी येतं. ही गाठ बहुधा त्यानंतर आठवड्याभराने, म्हणजे पाळीला आठवडा उरलेला असताना त्रास देते. म्हणून दिवस मागून मोजायचे. तुझ्या मैत्रिणीची पाळी ३५ दिवसांची असेल तर तिचं बीज एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटणार. २८ दिवसांच्या पाळीत बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी अचानक दुखलं तर मात्र ‘नेहमीचंच’ म्हणून सोडायचं नाही.

गेल्या पावसाळ्यातली एक केस सांगते. कॉलेजच्या संघात फुटबॉल खेळणारी वीस वर्षांची मुलगी. तिलाही तुझ्यासारखं दर महिन्याला थोडं दुखायचं, त्यामुळे हॉस्टेलवर सगळ्यांना ते ठाऊक होतं. तेविसाव्या दिवशी सरावात चेंडू मारताना उजवीकडे सुरी खुपसावी तसं झालं आणि ती खाली बसली. रूमवर नेऊन मुलींनी ओवा दिला, गरम पाण्याची पिशवी दिली. तासाभरात दुखणं एका जागेवर न राहता सगळ्या ओटीपोटात पसरलं. बाथरूमला जायला उठली तर डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि आडवं झालं की उजव्या खांद्याच्या टोकाला दुखतंय, असं ती म्हणायला लागली. खांद्याचं कुणालाच महत्त्व वाटलं नाही, हॉस्टेलच्या मावशींनाही नाही. खरं तर सगळ्यांत बोलकी खूण तीच होती. पोटातलं रक्त वर सरकून श्वासाच्या पडद्याखाली पोचलं की दुखणं खांद्यात जाणवतं, कारण दोघांची मज्जातंतूंची वाट मानेतून एकच निघते.

रात्री दहाला ती माझ्यासमोर होती. नाडी ११८, ब्लडप्रेशर १०० वर ७०. तरुण शरीर प्रेशर बराच वेळ सावरून धरतं, आधी नाडी पळते, म्हणून नुसत्या प्रेशरवर मी कधी विसंबत नाही. पहिली तपासणी लघवीची, गर्भ राहिलाय का ते पाहायची. नळीत राहिलेला गर्भ फुटला तर चित्र हुबेहूब असंच दिसतं आणि तो जास्त जीवघेणा. ती निगेटिव्ह आली. सोनोग्राफीत उजवीकडे साडेचार सेंटिमीटरची सुरकुतलेली गाठ, आत जाळीसारखं दिसणारं रक्त, आणि गर्भाशयामागे गोठलेलं रक्त. हिमोग्लोबिन ११.२ होतं. पण रक्त नुकतंच गेलेलं असताना हा आकडा फसवतो, तो उतरायला काही तास लागतात. म्हणून सलाइन लावून, तोंडाने काहीही न देता, सहा तासांनी पुन्हा पाहिलं. हिमोग्लोबिन ९.८, पण नाडी ८८ वर आलेली आणि पोटातलं रक्त वाढलेलं नव्हतं. वाहणं आपोआप थांबलं होतं. ऑपरेशन लागलं नाही, बहुतेकींना लागत नाही. नाडी पळतच राहिली असती किंवा रक्त वाढलं असतं, तर दुर्बिणीतून ऑपरेशन करावं लागलं असतं. दोन दिवसांनी ती घरी गेली, आणि आठ आठवड्यांनी पाहिलं तेव्हा गाठ नव्हती.

तुझं दुखणं आलं की गोळी घ्यायला हरकत नाही, पॅरासिटामॉल ५०० पुरते. शेकही चालतो. पण दुखणं अचानक आणि असह्य असेल, पसरत जाईल, उभं राहिल्यावर गरगरेल, खांद्यात जाईल, शांत पडून राहूनही नाडी शंभराच्या वर असेल, तर ओवा नको, शेक नको आणि सकाळची वाटही नको. मनगटाची नाडी तीस सेकंद मोजून दुप्पट कर. तेव्हा एकटी मोपेडवर निघू नकोस, वाटेत चक्कर येईल. कुणाला तरी बरोबर घे किंवा १०८ ला फोन कर. काही खाऊ-पिऊ नकोस, कदाचित भूल द्यावी लागेल. दुखणं लाटांसारखं येऊन सारखी उलटी होत असेल तर अंडाशयाला पीळ पडल्याची शंका येते, त्यातही थांबायचं नाही. दुखणं बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली उतरलं आणि ताप आला, तर अपेंडिक्स पाहायला हवं.

एक गोष्ट आईसमोर विचारणं तुला अवघड जाईल म्हणून इथे लिहिते. डॉक्टरने संबंध आलाय का विचारलं तर खरं सांग. आई बाजूला बसली असेल तर ‘मला एकटीला बोलायचंय’ म्हण. माझ्याकडे येशील तेव्हा मी सगळ्यांना बाहेर थांबायला सांगतेच.

पुढचे तीन महिने वहीत चारच गोष्टी लिही: पाळीची तारीख, दुखल्याची तारीख, बाजू आणि किती तास. एखाद्या महिन्यात दुखणं तीन दिवसांवर लांबलं किंवा पाळीतच जास्त दुखायला लागलं तर वेगळा विचार करावा लागेल. वही घेऊन दिवाळीच्या सुट्टीत ये. रिपोर्टची फिल्मही आण, ओळ वाचण्यापेक्षा मला चित्र बघायचंय.

तुझी,
डॉक्टर मावशी
कोल्हापूर