मॉकमध्ये 6.5 बँड आला, आता आयईएलटीएसची फी भरायची का?

"मुलीला आयर्लंडला एमएस करायचंय. विद्यापीठाला एकूण 6.5 बँड हवा आणि कशातही 6 पेक्षा कमी चालत नाही. परवाच्या मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, तिला ऐकण्यात 7 (40 पैकी 30), वाचनात 6.5 (40 पैकी 27), लेखनात 6, बोलण्यात 6 मिळाले. एकूण 6.5. त्याआधीच्या मॉकला लेखनात 5.5 होते. क्लासवाले म्हणतात, लगेच तारीख घ्या. फी अठरा हजारांच्या आसपास आहे. त्यासाठी लिलावाची भिशी या महिन्यात उचलू का? अर्जाला अजून अडीच महिने आहेत." – एक वडील, करवीर तालुका

या महिन्यात भिशी उचलू नका आणि तारीखही घेऊ नका. साधारण तीन आठवडे थांबा. लेकीची तयारी कच्ची आहे असं माझं म्हणणं नाही. पण रिपोर्टवरचा 6.5 दिसतो तेवढा भक्कम नाही आणि पैसे तुमच्या कष्टाचे आहेत.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा एकूण बँड म्हणजे चार भागांची सरासरी. ती जवळच्या अर्ध्या बँडवर नेतात आणि .25 आली तर वरचा अर्धा धरतात. तुमच्या लेकीची बेरीज 25.5, भागिले चार 6.375, म्हणून 6.5 छापून आलं. एका भागात अर्धा बँड घसरला तर सरासरी 6.25 होते आणि तरीही 6.5 मिळतात. दोन भागांत अर्धा-अर्धा घसरला की 6.125, म्हणजे थेट 6.

आता कच्चे गुण बघा. ऐकण्यात 7 बँड साधारण 30 बरोबर उत्तरांपासून सुरू होतो, वाचनात 6.5 साधारण 27 पासून. प्रश्नपत्रिकेनुसार यात एखाद्या गुणाचा फरक पडतो. म्हणजे ती दोन्हीकडे उंबरठ्यावरच उभी आहे. ऐकण्यात 29 आणि वाचनात 26 आले, नुसते आणखी दोन प्रश्न चुकले, की अठरा हजार गेले. मॉक कागदावर दिली असेल तर आणखी एक गोष्ट विचारा. कागदी परीक्षेत ऐकण्याची उत्तरं उतरवायला शेवटी दहा मिनिटं मिळतात, संगणकावर फक्त दोन मिनिटं तपासायला मिळतात. त्या दहा मिनिटांत सुधारलेली स्पेलिंग धरून 30 आले असतील, तर खरा आकडा कमी आहे.

मला जास्त काळजी लेखनाची वाटते. तिथे 6 ची अट आहे आणि लेकीकडे बरोबर 6 आहेत, खाली अजिबात जागा नाही. ऐकणं-वाचन उत्तरसूचीवरून तपासता येतं, लेखनाचे गुण मात्र तपासणारा देतो. रोज शिकवणाऱ्या सरांना तिला काय म्हणायचंय ते अर्ध्या वाक्यात कळतं, परक्या परीक्षकाला कळेलच असं नाही. म्हणून त्याच मॉकचे दोन्ही निबंध, नाव आणि आधीचे गुण न सांगता, दुसऱ्या जाणकार शिक्षकाकडून तपासून घ्या. नुसता बँड घेऊ नका. प्रश्नाला उत्तर दिलंय का, मुद्द्यांचा सांधा, शब्दसंपदा, व्याकरण, या चारही निकषांचे वेगळे गुण मागा. दुसरा निबंध पहिल्याच्या दुप्पट धरतात, त्यामुळे तिथे वेळ कमी पडून तो 250 शब्दांच्या आत संपत असेल तर पहिली दुरुस्ती तीच. याला जे काही शुल्क लागेल ते आनंदाने द्या. पुन्हा पूर्ण फी भरण्यापुढे ते किरकोळ आहे.

त्यानंतर तिला दोन पूर्ण मॉक संगणकावर, एका बैठकीत, मध्ये न उठता देऊ द्या. दोन्हींत ऐकण्यात 32, वाचनात 29 च्या पुढे आणि परक्या तपासणीत लेखनाला 6.5 आले, तर त्याच दिवशी तारीख घ्या. लेखन 6 वरच अडलं आणि बाकी चढलं, तर थोडी जोखीम घेता येईल. कारण संगणकावरच्या परीक्षेत एकच भाग 60 दिवसांच्या आत एकदा पुन्हा देता येतो आणि त्याची फी पूर्ण परीक्षेपेक्षा कमी असते. पण असा निकाल आपल्या विद्यापीठाला चालतो का, हे लेकीने आधी ईमेलने विचारून लेखी उत्तर घ्यावं. ते उत्तर नसेल तर हा आधार धरू नका.

अर्जाला अडीच महिने असल्यामुळेच थांबा म्हणतोय. पंधरा दिवसच उरले असते तर आहे त्या तयारीवर बसा म्हटलं असतं. संगणकावरच्या परीक्षेचा निकाल काही दिवसांत येतो, त्यामुळे तीन आठवड्यांनी तारीख घेतली तरी हातात वेळ उरतो.

भिशीचं म्हणाल, तर आत्ता घाईने बोली लावलीत तर जास्त रक्कम सोडावी लागेल. पुढच्या एक-दोन महिन्यांत गरजू कमी झाले की तीच भिशी कमी तोट्यात पदरात पडते. तोवर फी घरच्या कमाईतून थोडी-थोडी बाजूला काढा. केंद्र पुण्याचं मिळालं तर दोघांचं जाणं-येणं आणि एका रात्रीचा मुक्काम त्यातच धरा. आणि लेकीचा पासपोर्ट आजच काढून बघा. परीक्षेला ओळखपत्र म्हणून तोच लागतो, मुदत संपत आली असेल तर आधी नूतनीकरण, मग बुकिंग.