‘मी पेटी हरवली’, पण ‘मी पेटी विसरले’: नाम बदललं की क्रियापद कधी बदलतं?

प्रश्न: मुलीच्या अभ्यासात ‘अधोरेखित नाम बदलून वाक्य पुन्हा लिहा’ असा प्रश्न होता. ‘मी काळा डबा हरवला’ याचं ‘मी काळी पेटी हरवली’ असं झालं आणि ते बरोबर आलं. मग तिने ‘मी काळा डबा विसरले’ याचं ‘मी काळी पेटी विसरली’ असं केलं, तर ते चूक ठरलं. दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात, मग एकात क्रियापद बदलतं आणि दुसऱ्यात नाही, असं का?

उत्तर: सगळी गोम ‘मी’ या शब्दात आहे. तो थोडा वेळ बाजूला ठेवा आणि त्याच्या जागी तिसऱ्या माणसाला आणून बघा. ‘त्याने डबा हरवला’ असं आपण म्हणतो, पण ‘तो डबा विसरला’ असं म्हणतो. उलट करून पाहिलं तर ‘त्याने डबा विसरला’ हे कानाला लगेच खटकतं. आणि ‘तो डबा हरवला’ म्हटलं, तर ‘तो’ हा माणूस राहतच नाही, कोणता तरी विशिष्ट डबा हरवला असा अर्थ होतो. म्हणजे ही दोन वाक्यं मुळात सारखी नाहीतच. एकात कर्त्याला ‘ने’ लागतो, दुसऱ्यात लागत नाही. फक्त ‘मी’ला ‘ने’ दिसत नाही, म्हणून ती सारखी भासतात.

मराठी क्रियापद लिंग आणि वचन कुणाकडून घेतं, तर ज्या नामाला प्रत्यय चिकटलेला नाही त्याच्याकडून. आधी ते कर्त्याकडे बघतं. कर्ता मोकळा असेल तर त्याचंच ऐकतं: तो विसरला, ती विसरली, त्या विसरल्या. कर्त्याला ‘ने’ लागला, की क्रियापदाची नजर त्याच्यावरून सरकते आणि कर्मावर जाते: त्याने डबा हरवला, त्याने पेटी हरवली, त्याने दप्तर हरवलं. पहिल्या प्रकारात कर्माच्या जागी काहीही आणा, क्रियापद हलणार नाही. दुसऱ्या प्रकारात कर्म बदललं की क्रियापद बदललंच पाहिजे. व्याकरणात यांना कर्तरी आणि कर्मणी प्रयोग म्हणतात, पण नावं आठवली नाहीत तरी ‘तो की त्याने’ एवढं विचारलं की काम भागतं.

‘मी’ला ‘ने’ का दिसत नाही, याचं उत्तर जुन्या मराठीत सापडतं. तिथे या जागी ‘म्यां’ असं वेगळं रूप होतं, आणि ‘तू’साठी ‘त्वां’. ‘म्यां पेटी हरवली’ आणि ‘मी पेटी विसरलो’ असा फरक त्या काळी वाक्याच्या पहिल्या शब्दातच कळत असे. पुढे ‘म्यां’ रोजच्या भाषेतून गेला आणि दोन्ही जागा ‘मी’नेच घेतल्या. रूप गेलं, पण त्याचं काम तसंच राहिलं. त्यामुळे आजचा ‘मी’ कधी मोकळा असतो, तर कधी त्याच्या पोटात न दिसणारा ‘ने’ असतो. लहान मुलं ‘मी पोळी खाल्लो’ म्हणतात ती याच कारणाने. त्यांना ‘मी’ मोकळा वाटतो आणि ती क्रियापद त्याच्याशी जुळवतात. नियम त्यांनी बरोबर लावलेला असतो, दडलेला ‘ने’ तेवढा त्यांना दिसलेला नसतो.

हा प्रकार भूतकाळातच का दिसतो, असंही मनात येईल. ‘मी डबा हरवीन, मी पेटी हरवीन’ यात काहीच बदलत नाही. याचं कारण असं, की ‘हरवला, हरवली, हरवलं’ ही रूपं मुळात विशेषणांसारखी आहेत. संस्कृतात ‘मया ग्रन्थः दत्तः’ आणि ‘मया माला दत्ता’ असं म्हणतात. म्हणजे माझ्याकडून ग्रंथ ‘दिलेला’, माळ ‘दिलेली’. आपलं ‘मी ग्रंथ दिला, मी माळ दिली’ त्याच घडणीचं आहे. विशेषण जसं नामाप्रमाणे बदलतं, तसं हे क्रियापदही कर्माप्रमाणे बदलतं. भविष्यकाळाची रूपं अशा धातुसाधितातून आलेली नाहीत, म्हणून त्यांना लिंगच नाही.

विसरणे, शिकणे, बोलणे अशी काही मोजकी क्रियापदं मात्र कर्म घेऊनही भूतकाळात कर्त्याशीच जुळतात. ती नियमाने ओळखता येत नाहीत, ऐकूनच कळतात. मला यातली सर्वांत आवडती जोडी हरणे आणि जिंकणे ही आहे. अर्थाने ती एकाच नाण्याच्या दोन बाजू, पण ‘तो सामना हरला’ आणि ‘त्याने सामना जिंकला’. आता मुलाच्या तोंडी ‘मी’ घालून ‘सामना’च्या जागी ‘स्पर्धा’ आणा: मी स्पर्धा हरलो, मी स्पर्धा जिंकली. हरताना क्रियापद त्याच्याशी जुळतं, जिंकताना स्पर्धेशी. आणखी एक गंमत म्हणण्याच्या बाबतीत आहे. ‘ती गाणं म्हणाली’ आणि ‘तिने गाणं म्हटलं’ ही दोन्ही रूपं चालतात. ‘गाणं’ काढून ‘कविता’ घातली, की पहिलं ‘ती कविता म्हणाली’ असं जसंच्या तसं राहतं आणि दुसरं ‘तिने कविता म्हटली’ असं बदलतं.

तुमच्या मुलीची चूक कशी झाली असेल, तेही यातून लक्षात येतं. तिच्या तोंडी ‘मी विसरले’ हेच रूप योग्य आहे, मग डबा असो, पेटी असो की दप्तर. पण पेटी स्त्रीलिंगी म्हटल्यावर ‘ई’ हवी, असं तिला वाटलं. ‘तू’च्या वाक्यात हा गोंधळ आणखी लपून राहतो. मुलीला आपण ‘तू पेटी विसरलीस’ म्हणतो, तेव्हा ती ‘ई’ पेटीची आहे असा भास होतो. ती मुलीची आहे. मुलाशी बोलताना हेच ‘तू पेटी विसरलास’ होतं, पण ‘तू पेटी हरवलीस’ मात्र मुलगा असो वा मुलगी, बदलत नाही. शंका आली की असं समोरच्या माणसाचं लिंग बदलून बघावं. क्रियापद हललं तर ते माणसाचं ऐकतंय, नाही हललं तर वस्तूचं.

आता तिसरी पायरी. कर्त्याला ‘ने’ आहे आणि कर्मालाही ‘ला’ लागला, तर क्रियापदाला बघायला कुणीच उरत नाही. मग ते नपुंसकलिंगी एकवचनात स्थिर होतं: आईने मुलाला बोलावलं, आईने मुलीला बोलावलं, आईने मुलांना बोलावलं. इथे नाम कितीही बदला, क्रियापद तेच. बोलताना ‘मुलीला बोलावली’ असं ऐकू येतं, पण प्रमाण लेखनात ते घेऊ नये. एक काळजी घ्यायची. ‘आईने मुलीला पेटी दिली’ या वाक्यात ‘ला’ असला तरी पेटी मोकळी आहे, म्हणून ‘दिली’. तिथे मुलीच्या जागी मुलगा आणला तरी ‘दिली’च, आणि पेटीच्या जागी डबा आणला की लगेच ‘दिला’.

विशेषणांचा कायदा याच धर्तीवर चालतो. ‘आ’ने संपणारी विशेषणं नामाप्रमाणे बदलतात. ‘माझा’ आणि ‘भावाचा’ यांसारखे शब्दही यातच धरायचे. लाल, जड, सुंदर, हुशार ही कधीच बदलत नाहीत, आणि ‘जादा’ तर ‘आ’ने संपूनही बदलत नाही. पण नामाला प्रत्यय लागला, की बदलणाऱ्या विशेषणांचे सगळे भेद मिटतात आणि एकच ‘या’ उरतो: काळ्या डब्यात, काळ्या पेटीत, काळ्या दप्तरांत. म्हणून ‘माझ्या काळ्या डब्यात एक नवा पेला होता’ यातला डबा काढून पेटी घातली, तर त्या एका शब्दाखेरीज काहीच बदलत नाही. पेला काढून वाटी घातली, तर मात्र ‘एक नवी वाटी होती’ असं वाक्याचं शेपूट सगळं बदलतं. एकाच वाक्यात दोन नामं, पण अधिकार मोकळ्या नामाला.

एक वाक्य सहाही प्रकारांतून फिरवून बघू. कर्त्याला मुद्दाम ‘ने’ ठेवला आहे, म्हणजे सूत्रं कर्माच्या हातात राहतील.

भावाने एक मोठा काळा डबा दिला होता, तो हरवला.
भावाने एक मोठी काळी पेटी दिली होती, ती हरवली.
भावाने एक मोठे काळे दप्तर दिले होते, ते हरवले.
भावाने दोन मोठे काळे डबे दिले होते, ते हरवले.
भावाने दोन मोठ्या काळ्या पेट्या दिल्या होत्या, त्या हरवल्या.
भावाने दोन मोठी काळी दप्तरे दिली होती, ती हरवली.

दुसरं आणि सहावं वाक्य शेजारी ठेवा. संख्या आणि नाम सोडलं, तर दोन्हीतली अक्षरं तीच आहेत. तसंच तिसऱ्या आणि चौथ्याचं. म्हणजे एक पेटी आणि अनेक दप्तरे यांना मराठी एकच साज चढवते, आणि एक दप्तर व अनेक डबे यांनाही. बोलताना तिसऱ्या वाक्यात आपण ‘मोठं काळं दप्तर दिलं होतं’ म्हणतो, त्यामुळे ते चौथ्यापासून कानाला वेगळं कळतं. जुन्या लेखनात ‘दिलें’ आणि नपुंसकलिंगी अनेकवचनात ‘दिलीं’ असे अनुस्वार देत असत, तेव्हा हा फरक डोळ्यालाही दिसत असे. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि कागदावर ही रूपं एकत्र आली.

सगळ्यांत जास्त चुका सहाव्या वाक्यात होतात. ‘दप्तरे’च्या शेवटी ‘ए’ आहे, म्हणून पुढेही ‘हरवले’ लिहिलं जातं. ‘सर्व पुस्तके मिळाले’, ‘मुले आले’ ही त्याच वळणाची वाक्यं सूचनाफलकांवरसुद्धा दिसतात. नामाचा ‘ए’ बघून क्रियापदाला ‘ए’ लावायचा नसतो. वाक्य मोठ्याने बोलून बघा: ‘पुस्तकं मिळाली’, ‘मुलं आली’ असंच तोंडात येतं. नामाचा ‘ए’ बोलताना ‘अं’ झाला आणि अनेक वस्तू असल्या, की क्रियापद ‘ई’ने संपणार. ‘डबे’चा ‘डबं’ होत नाही, म्हणून ते ‘हरवले’.

मुलीला सरावाला द्यायचं असेल, तर ‘मी एक जुना शब्द शिकले, पण त्याचा अर्थ विसरले’ हे वाक्य द्या आणि ‘शब्द’च्या जागी ‘म्हण’ घालायला सांगा. उत्तर ‘मी एक जुनी म्हण शिकले, पण तिचा अर्थ विसरले’ असं येईल. ‘जुना’ आणि ‘त्याचा’ बदलले, पण ‘तिचा’ मधला ‘चा’ मात्र अर्थाशी बांधलेला राहिला, आणि दोन्ही क्रियापदं तिची स्वतःची आहेत.