सूत्र येते, पण मोठ्याने वाचता येत नाही

‘सर, माझी दहावी मंगळवेढा तालुक्यात मराठी माध्यमातून झाली. आता सोलापुरात अकरावी विज्ञानाला आहे. तासाला निम्मे डोक्यावरून जाते आणि प्रॅक्टिकलच्या गटात मी गप्पच बसते. शाखा बदलू का?’

शाखेचा निर्णय घेण्याआधी अडचण भाषेची आहे की विषयाची, हे तपासावे. तास संपल्यावर वही मिटून तोच भाग मैत्रिणीला मराठीत समजावून सांग. सांगता आला तर केवळ इंग्रजी आड येत आहे. मराठीतही अडखळलीस, तर आधी विषय पक्का करावा लागेल.

भाषेची अडचण असेल, तर दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पुस्तकापासून सुरुवात कर. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर त्याची मराठी आणि इंग्रजी आवृत्ती विनामूल्य मिळते. समजा, उद्या प्रकाशाचा तास आहे. आज रात्री भिंगांचा धडा आधी मराठीत वाच, मग तोच इंग्रजीत उघड आणि नाभीय अंतर, बहिर्गोल भिंग, मुख्य अक्ष अशा आठ-दहा संज्ञांचे इंग्रजी शब्द वहीच्या समासात लिही. तासाला शिक्षकांचे प्रत्येक वाक्य मनात मराठीत फिरवत बसलीस, तर तोवर पुढची दोन वाक्ये निसटतात. समासातले शब्द ओळखीचे झाले की हे फिरवणे आपोआप कमी होते. अर्थात, शाळेत मुळीच न आलेल्या भागाला हा उपाय लागू पडत नाही. तिथे तासानंतर ‘सर, मराठीत विचारू का?’ असे सरळ विचारावे.

गटातल्या मौनाचे कारण मात्र बहुधा वेगळे असते. आपल्या मुलांना सूत्र लिहिता येते, पण ते इंग्रजीत मोठ्याने म्हणण्याची वेळ शाळेत कधी आलेली नसते. म्हणून घरी एक उदाहरण बोलून सोडव. बहिर्गोल भिंगाचे नाभीय अंतर 20 सेंमी आहे आणि वस्तू 30 सेंमीवर आहे. ‘वन अपॉन व्ही मायनस वन अपॉन यू इज इक्वल टू वन अपॉन एफ’ असे म्हणत u च्या जागी उणे 30 घाल; 1/v = 1/20 − 1/30, म्हणजे 1/60 येते आणि प्रतिमा 60 सेंमीवर मिळते. एवढ्या चार ओळी तोंडात बसल्या, की प्रॅक्टिकलला वाचने घेऊन गणित मांडण्याचे काम स्वतःहून मागून घे आणि चर्चेत पहिली बोल, कारण शेवटी बोलणाऱ्याचे मुद्दे आधीच कोणीतरी सांगून टाकलेले असतात.

आणखी एक गोष्ट. सोलापुरात तुझ्या गटातल्या कोणाच्या घरी तेलुगू असेल, कोणाच्या घरी कानडी किंवा उर्दू. घरी इंग्रजी बोलणारे फारच थोडे. त्यामुळे आपसांत मराठीत चर्चा करून निष्कर्ष तेवढा इंग्रजीत मांडायचा, असे गटात ठरवायला हरकत नाही.

पहिल्या घटक चाचणीपर्यंत असे करून पाहा. त्यानंतरही मराठीत समजावून सांगणे जमत नसेल, तर वर्गशिक्षक आणि आई-वडिलांसह बसून शाखेचा विचार करू.