मेसेज माणसाचा की कीबोर्डचा?

प्रश्न: जवळच्या माणसाचे मेसेज हल्ली फार गुळगुळीत वाटतात. ते स्वतः लिहिलेत की फोनने सुचवलेलं नुसतं दाबलंय, हे कसं ओळखायचं?

मी बावीस वर्षं शनिवार पेठेत मुद्रितशोधन केलं. चूक बघून हात कुणाचा हे कळतं. खिळ्यांची जुळणी होती तेव्हा उलटं अक्षर दिसलं की जुळारी घाईत होता, आणि शेजारच्या कळीचं अक्षर पडलं की टायपिस्ट. सुचवणीची चूक तिसऱ्या जातीची. शब्द शुद्ध असतो, ऱ्हस्व-दीर्घ बिनचूक असतं, फक्त त्या जागी तो शब्द नको असतो.

2021 साली आई पडली, खुब्याचं हाड मोडलं. मी धाकट्या भावाला बंगळुरूला मराठीत कळवलं. मिनिटाच्या आत त्याचं इंग्रजीत उत्तर: ‘ओके, थँक्स फॉर लेटिंग मी नो.’ शेवटी पूर्णविरामसुद्धा. अर्ध्या तासाने मराठीत: ‘ताई काळजी घ्या, सगळं ठीक होईल.’ पहिलं वाचून मी पेटले. आईच्या हाडाला बटण दाबून उत्तर देतोस? दुसरं वाचून डोळ्यांत पाणी आलं. पुढे दोन वर्षं त्या बटणावरून मी त्याला टोमणे मारले, आणि तो दर वेळी म्हणायचा, “ताई, मी टाईप केलं होतं.”

मग एकदा वहिनीचा इंग्रजी मेसेज आला आणि माझ्या फोनवर नोटिफिकेशनखाली तयार उत्तरांची बटणं दिसली. तिच्याच मराठी मेसेजखाली एकही नव्हतं. तिला चारपाच मेसेज मुद्दाम पाठवायला लावले, तरी तेच. तयार उत्तर समोरच्याच्या मेसेजवरून बनतं, आणि तो मेसेज कळला नाही तर बटणच येत नाही. मी त्याला शुद्ध मराठीत लिहिलं होतं. म्हणजे बटणाचा आरोप माझ्याच शब्दांवर आपटला. (पहिलं अक्षर कॅपिटल होतं, हाही माझा पुरावा होता. फोन ते स्वतःच करतो, त्याला काडीची किंमत नाही.)

आता दुसरा मेसेज बघा. आम्ही एकमेकांना जन्मात ‘तुम्ही’ म्हटलेलं नाही. जुने मेसेज चाळले तर सगळीकडे ‘ताई तू’, ‘जेवून घे’, ‘ठिक’ ऱ्हस्व, आणि ‘होईल’ऐवजी ‘होइल’. इथे अचानक ‘घ्या’, आणि ‘ठीक’ दीर्घ. ‘काळजी’ लिहिलं की कीबोर्डच्या वरच्या सुचवणीच्या पट्टीवर पुढचा शब्द येतो तो लोक सगळ्यात जास्त लिहितात तो, आणि शोकसंदेशांपासून सोसायटीच्या नोटिशीपर्यंत सगळीकडे ‘घ्या’च असतं. तू-तुम्हीचा घोटाळा ही मराठीतली सगळ्यात चांगली खूण आहे. बाईने ‘मी येतो’ लिहिलं तर तेच. इंग्रजी क्रियापदात यातलं काही उघडं पडत नाही, आपलं पडतं.

एकूण, मला जो गोडवा वाटला तो पट्टीचा होता आणि जो कोरडेपणा वाटला तो खास त्याचा, वीस वर्षं ऑफिसची मेल लिहून आलेला. हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, “बघ, मी निर्दोष.” निर्दोष कसला? बटण असतं तर निदान सांगायला काहीतरी होतं.

तयार उत्तरांचा गोडवाही फारसा विश्वासाचा नाही. गुगलने 2015 मध्ये मेलसाठी ही सोय आणली, तेव्हा त्यांच्याच लोकांनी लिहिलं होतं की सुरुवातीची आवृत्ती कशालाही ‘आय लव्ह यू’ सुचवायची. ते नंतर आवरलं, पण कल होकाराकडे राहिला. म्हणून ज्या उत्तरात आधी ‘नाही’ आहे, कारण आहे, किंवा तुमच्या मेसेजमधल्या एखाद्या बारीक गोष्टीला धरून काही विचारलंय, ते बहुतेक हाताने लिहिलेलं.

तुम्ही काय करायचं? एका मेसेजवर न्याय करू नका. त्याच माणसाचे सहा महिन्यांपूर्वीचे तीसचाळीस मेसेज काढा, त्याच्या चुका बघा आणि त्या कधी गायब झाल्या ते शोधा.

आणि हे मी आधी सांगायला हवं होतं: मेसेजमध्ये असा काही शिक्का नसतो. शिवाय पट्टी त्याच्याकडूनच शिकते. गेल्या दिवाळीत मी भावाचा फोन हिसकावून ‘काळजी’ लिहिलं, पहिलाच शब्द ‘घ्या’ आला. मी विजयी मुद्रेने दाखवलं, तर वहिनी म्हणाली, “अहो वन्सं, तेव्हापासून हे सगळ्या क्लायंटना तेच लिहितात, मग फोन दुसरं काय दाखवणार?” 2021 ची पट्टी आता कुणालाच बघता येणार नाही.

तरी तो ‘घ्या’ त्याचा नव्हता, हे मी म्हणतेच.